आरतीचा आवाज फाटतो कुठे? शंख, घंटा आणि मंत्रांचं रेकॉर्डिंग पाठवण्याआधी एवढं वाचा

श्रावण लागला की आमच्या स्टुडिओत रोज एक तरी फोन ठरलेला असतो. "रील तयार आहे, आवाज तेवढा साफ करून द्या." फाईल उघडावी तर चित्र छान असतं, समईचा उजेड, दुर्वांचा हार, सगळं नीट. पण घंटेच्या पहिल्याच ठोक्याला आवाज चरचरतो आणि पुढे आरतीचे शब्द खाली बुडतात. मग आम्हाला सांगावं लागतं की हा आवाज आता पूर्ण साफ होणार नाही. समोरच्याला वाटतं आम्ही टाळतोय. म्हणून हे पत्रक.

पंख्याची घरघर, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, रस्त्यावरची रिक्षा, यातलं बरंच काही आम्ही कमी करू शकतो. हळू आलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र वेगळी गोष्ट आहे. नेहमीच्या रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य म्हणजे छप्पर. ० डीबीच्या वर काही लिहिलंच जात नाही. घंटेचा ठोका त्याच्या वर गेला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि कापलेला भाग फाईलमध्ये कुठेच नसतो. नंतर व्हॉल्यूम कमी केला तर तोच सपाट माथा खाली सरकतो, इतकंच.

दुरुस्तीची सॉफ्टवेअरं आहेत, आम्ही ती रोज वापरतो. ती शेजारच्या लाटा बघून कापलेल्या माथ्याचा अंदाज बांधतात. बोलण्यात एखादा शब्द फाटला असेल तर काम बऱ्यापैकी होतं. घंटेचा एकच ठोका फाटला आणि पुढचा नाद शाबूत असेल तरी थोडं सावरता येतं. शंखाचं तसं नाही. तो ६-७ सेकंद एकसारखा घुमतो आणि फाटला तर त्यातली प्रत्येक लाट फाटते. अंदाज बांधायला शाबूत काही उरतच नाही. फाटलेला शंख आम्ही दुरुस्तीला घेत नाही, पुन्हा वाजवून घ्यायला सांगतो. त्याचे पैसे घेऊन अर्धवट काम हातात देणं आम्हाला पटत नाही.

आता मुख्य चूक. दहातल्या आठ फाईलींत आम्हाला तीच दिसते. आवाजाची पातळी माणसाच्या आवाजावर लावली जाते आणि मग घंटा वाजते.

गेल्या वर्षीचं एक काम सांगतो. वाड्यातला घरगुती गणपती, ४० सेकंदांची रील. सुरुवातीला शंख, मग आरतीचं पहिलं कडवं, शेवटी मंत्रपुष्पांजलीच्या दोन ओळी. घरच्या मुलाने मनापासून तयारी केली होती. काकांच्या उपरण्याला कॉलर माइक लावला, त्यांना दोन ओळी म्हणायला लावल्या, काटा −६ वर नेऊन ठेवला. मुलाखत असती तर हे अगदी बरोबर होतं. पण काकांच्या उजव्या हातात निरांजनाचं तबक आणि डाव्या हातात घंटी. ती घंटी माइकपासून हातभरही लांब नव्हती, आणि पितळी घंटी माणसाच्या आवाजापेक्षा सहज १५-२० डीबी वर जाते. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सगळं फाटलं.

सोबत मोबाइलचं रेकॉर्डिंगही होतं. ते फाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच रीतीने बिघडलं होतं. फोन स्वतःच पातळी वरखाली करत असतो. शंख सुरू झाला तशी त्याने पातळी एकदम खाली ओढली, आणि शंख थांबल्यावर ती वर यायला वेळ लागला. त्यामुळे 'सुखकर्ता' जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. मंत्रपुष्पांजलीला टाळ-घंटा थांबतात, सगळे हात जोडून उभे असतात. नेमकं तिथे फोनने पातळी वर चढवली आणि मंत्रांपेक्षा पंखा मोठा झाला. हे लाटेच्या चित्रातही दिसतं. शंखानंतर खड्डा, आणि शांत जागी हळूहळू फुगत गेलेली जाड रेघ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो. काकांच्या हातातली घंटी काढून दुसऱ्याकडे द्यायचा प्रश्नच नव्हता, पूजेची रीत रेकॉर्डिंगसाठी बदलायला आम्ही सांगत नाही. आम्ही कॉलर माइक काढला आणि स्टँडवरचा माइक काकांच्या उजव्या बाजूला, साधारण दीड मीटरवर, तोंडाच्या उंचीला ठेवला. त्यामुळे घंटी त्यांच्या अंगाच्या पलीकडे गेली. मग काकांना म्हटलं, "काका, आरतीच्या शेवटी वाजवता तितक्या जोरात एकदा वाजवून दाखवा." पातळी त्या ठोक्यावर लावली, −१८ ला. चाचणीत माणूस हात आखडूनच वाजवतो. 'घालीन लोटांगण'पर्यंत लय चढते, हात चढतो, आणि ठोका सहज ५-६ डीबी वर जातो. तसंच झालं. आरतीतला सर्वांत मोठा ठोका −१२ ला टेकला.

मंत्रांचा आवाज अर्थातच बारीक आला, −२८ च्या आसपास. मीटर बघून मुलगा घाबरला. घाबरायचं कारण नव्हतं. २४ बिटवर, म्हणजे हळू आवाजही बारकाईने टिपणाऱ्या सेटिंगवर, रेकॉर्ड केलेला इतका हळू आवाज १४-१५ डीबी वाढवला तरी त्याला काही होत नाही. मात्र मंत्र जितके वाढवाल तितकाच मागचा गोंगाटही वाढतो, तेव्हा पातळी खाली ठेवायची तर खोली शांत हवी. आरतीच्या १० मिनिटांपुरता पंखा, एक्झॉस्ट आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात तर स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. आमच्याकडचा मुलगा हेच करतो. आणि आरतीनंतर सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. घरघर कमी करताना सॉफ्टवेअरला नमुना म्हणून तोच लागतो. तो नसेल तर दोन ओळींमधल्या श्वासाएवढ्या जागेतून नमुना काढावा लागतो आणि मंत्रांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

शंख आम्ही आरतीनंतर वेगळा घेतला, तीनदा. शंखाचा आवाज त्याच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतो. माइक त्या तोंडासमोर धरू नका, बाजूला आणि २ मीटर लांब ठेवा. वाजवणाऱ्याच्या ओठांजवळही नको, तिथे फुंकीची फुसफुस जास्त येते. सुरुवातीची फुंक चुकली तर पुन्हा वाजवता येतो, ही वेगळं रेकॉर्ड करण्यातली मोठी सोय. नंतर चित्राशी जुळवायला ५ मिनिटं लागतात.

देवळातली टांगलेली घंटा असेल तर माइक तिच्या खाली ठेवू नका. काठाच्या उंचीला, बाजूला, २-३ मीटरवर ठेवा. उघड्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डीबी उतरतो, म्हणून फोनमध्ये पातळीचा खटका नसला तरी मागे सरकून काम भागतं. दगडी गाभाऱ्यात हा हिशोब चालत नाही. भिंतींवरून परतणारा नादच इतका असतो की मागे गेलं तरी आवाज फारसा उतरत नाही, फक्त शब्द आणखी घुमतात. तिथे हाताने पातळी लावता येणारं यंत्रच हवं. ते नसेल तर उंबऱ्याबाहेर, दाराच्या बाजूला उभे राहा.

फोनवरच करायचं असेल तर दोन फोन वापरा, एक घंटेपासून लांब, एक म्हणणाऱ्याजवळ. काही फोनच्या कॅमेऱ्यात प्रो व्हिडिओमध्ये माइकची पातळी हाताने लावता येते, ती लावा. 'नॉइज रिडक्शन', 'व्हॉइस फोकस' असं जे काही असेल ते बंद करा. ही सोय बोलण्यासाठी बनवलेली आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ती धरते. शंखाचा लांब सूर आणि घंटेचा विरत जाणारा नाद तिला पंख्यासारखाच वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. घंटा 'टण्' करून लगेच मेल्यासारखी ऐकू आली तर कारण बहुतेक हेच असतं.

आमच्याकडे ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर दिवसाच्या भाड्याने मिळतो. त्यात पातळी चुकली तरी नंतर खाली आणता येते. पण त्यालाही मर्यादा आहे. घंटा माइकच्या वीतभर जवळ वाजली तर माइकच आतून फाटतो आणि तो फाटलेला आवाज रेकॉर्डर इमाने इतबारे लिहून ठेवतो. भाड्याने देताना १५ मिनिटं आम्ही तुम्हाला हे करून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फाईल पाठवण्याआधी स्वतः तपासायची असेल तर संगणकावर Audacity हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि `View` मेनूमधलं `Show Clipping` चालू करा. छपराला टेकलेल्या जागी लाल रेघा दिसतील. रेघ एकही नाही, तरी ऐकायला चरचर आहे, असंही होतं. तेव्हा लाट मोठी करून पाहा. माथे −६ वा −८ ला सपाट कापलेले दिसले तर आवाज आधीच, म्हणजे माइकमध्येच फाटला, किंवा रेकॉर्डिंगमध्ये फाटल्यावर कुणीतरी व्हॉल्यूम उतरवला.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान केलेलं आमच्यापर्यंत येतं. व्हॉइस मेसेज तर अजिबात नको. स्वतः आधी फिल्टर लावला असेल तर मूळ फाईलही सोबत द्या.

गणपतीच्या किंवा नवरात्रीच्या मुख्य दिवसाचं काम असेल तर आदल्या दिवशीच्या आरतीचा ३० सेकंदांचा नमुना आम्हाला पाठवा. त्याच जागेवरून, त्याच फोनने, एक जोरदार घंटा आणि दोन ओळी. तो आम्ही विनामूल्य ऐकून त्याच रात्री कळवतो, फोन कुठे सरकवायचा आणि पातळी किती उतरवायची.