सीजीपीएचे टक्के: सीबीएसई दहावीच्या (२०१० ते २०१७) विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या केंद्रात नोकरीचे आणि प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा अर्ज एकाच रकान्यापाशी अडतो. तो रकाना म्हणजे ‘दहावीचे टक्के’. राज्य मंडळाच्या गुणपत्रकावर टक्के छापलेले असतात, त्यामुळे तिथे काही अडचण येत नाही. पण तुम्ही केंद्रीय विद्यालय, नवोदय किंवा दुसऱ्या एखाद्या सीबीएसई शाळेतून २०१० ते २०१७ या काळात दहावी झाला असाल, तर तुमच्या गुणपत्रकावर गुण नाहीत. तिथे विषयवार ग्रेड, ग्रेड पॉइंट आणि खाली सीजीपीए एवढेच आहे. २०१८पासून मंडळाने पुन्हा गुण द्यायला सुरुवात केली. म्हणजे ही अडचण ठरावीक वर्षांच्या विद्यार्थ्यांची आहे. पण ते आता ऐन नोकरीच्या वयात आहेत आणि दर अर्जात त्यांना हाच प्रश्न पडतो.

याचे उत्तर मंडळानेच देऊन ठेवले आहे. गुणपत्रकाची मागची बाजू पाहा. अंदाजे टक्के काढण्यासाठी सीजीपीएला ९.५ने गुणावे, आणि एका विषयाचे हवे असतील तर त्या विषयाच्या ग्रेड पॉइंटला ९.५ने गुणावे, असे तिथे इंग्रजीत छापलेले असते. कोणी आकड्याबद्दल विचारले तर हीच मागची बाजू दाखवायची. म्हणून झेरॉक्स काढताना दोन्ही बाजूंची काढा आणि स्कॅन करतानाही मागचे पान सोडू नका.

९.५च का?

त्या पद्धतीत ९१ ते १०० गुणांना ए१ आणि १० पॉइंट, ८१ ते ९० गुणांना ए२ आणि ९ पॉइंट, ७१ ते ८० गुणांना बी१ आणि ८ पॉइंट मिळत. पुढेही दर दहा गुणांना एक पॉइंट असेच खाली जायचे. आता ए२चा गट घ्या. ८१ आणि ९० यांचा मध्य ८५.५ येतो, आणि ९ गुणिले ९.५ केले तरी ८५.५च येतात. ए१ गटाचा मध्य ९५.५ आहे, गुणाकार ९५ येतो. बी१चा मध्य ७५.५, गुणाकार ७६. म्हणजे ९.५ हा गुणक त्या-त्या गटाच्या साधारण मधोमध नेऊन ठेवतो. खालच्या ग्रेडना तो थोडा उदार आहे: ६ पॉइंटच्या गटाचा मध्य ५५.५ आहे आणि गुणाकार ५७ येतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. या पद्धतीत ९५च्या वर टक्के येऊच शकत नाहीत. सीजीपीए १० असलेल्यांना अनेकदा वाटते की आपले पाच टक्के कुठेतरी हरवले. ते हरवलेले नाहीत. ९१ गुण असोत की १००, दोन्ही ए१मध्येच बसतात, म्हणून सगळ्यांना मधला आकडा दिला जातो. १० सीजीपीएचे १०० टक्के लिहिले तर पडताळणीत ते चूक ठरेल.

एक उदाहरण पूर्ण करून

समजा, एका विद्यार्थिनीला इंग्रजीत ए१, हिंदी आणि सामाजिक शास्त्रात ए२, गणित आणि विज्ञानात बी१ आहे. पॉइंट झाले १०, ९, ९, ८, ८. बेरीज ४४, भागिले ५, सीजीपीए ८.८. त्याला ९.५ने गुणले की ८३.६ टक्के येतात.

तिने सहावा, जास्तीचा विषयही घेतला होता आणि त्यात ए१ होता. तो धरून बेरीज ५४ होते, सहाने भागल्यावर बरोबर ९ येतात आणि टक्के ८५.५. हा आकडा मोहात पाडतो, पण मंडळ सीजीपीए काढताना जास्तीचा सहावा विषय धरत नाही. म्हणून सरासरी स्वतः काढत बसू नका. गुणपत्रकावर छापलेला सीजीपीएच घ्या.

चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. पाच पूर्ण आकड्यांच्या बेरजेला पाचने भागले की दशांशात ०, २, ४, ६ किंवा ८च येतात. त्यामुळे या गुणपत्रकांवर ८.६, ८.८, ९.० असे सीजीपीए दिसतात. तुम्ही काढलेला आकडा ८.७ किंवा ८.८३ आला, तर विषय मोजण्यात गडबड झाली आहे. सीजीपीए एक पायरी चढला की टक्के १.९ने वाढतात, अधलेमधले आकडे येत नाहीत. कोणी ८.८ सीजीपीएचे ‘साधारण ८५ टक्के’ सांगितले, तर ते या गुणकाने काढलेले नाहीत हे तिथेच समजते.

पूर्णांक कधी करायचा

नियम एकच लक्षात ठेवा: पूर्णांक अगदी शेवटी, एकदाच, आणि अर्जात मागितला असेल तरच.

सुरुवातीलाच ८.८चे ९ केले तर टक्के ८३.६ऐवजी ८५.५ येतात. विषयवार टक्के मागणाऱ्या अर्जात अशीच चूक वेगळ्या वाटेने शिरते. वरच्या विद्यार्थिनीचे विषयवार टक्के ९५, ८५.५, ८५.५, ७६, ७६ असे येतात आणि त्यांची सरासरी बरोबर ८३.६ आहे. पण ८५.५चे दोन्हीकडे ८६ केले की सरासरी ८३.८ होते. फरक लहान आहे, पण अर्जातल्या एका पानावर ८३.६ आणि दुसऱ्या पानावर ८३.८ दिसले की तपासणाऱ्याला शंका घ्यायला जागा मिळते.

एक्सेलमध्ये करायचे असेल तर सीजीपीए A2 या चौकटीत लिहा आणि शेजारी हे सूत्र द्या:

```
=ROUND(A2*9.5,1)
```

या गुणाकारात दशांशानंतर दुसरा आकडा कधी उरत नाही, म्हणून एक दशांश स्थळ पुरते. अर्जात दोन दशांश स्थळे हवी असतील तर ८३.६० लिहा. आकडा तोच आहे, फक्त रकाना भरतो. रकाना पूर्णांकच घेत असेल तर ८३.६चे ८४ करा. मात्र अपूर्णांक सोडून द्यावा असे अर्जात लिहिलेले असेल तर ८३. अर्जातली सूचना नेहमीच्या रीतीपेक्षा मोठी.

पात्रतेची अट असेल तिथे पूर्णांकाचा आधार घेऊ नका. ८.४ सीजीपीएचे ७९.८ टक्के होतात. किमान ८० टक्के हवेत असे जाहिरातीत असेल तर ७९.८चे ८० करून अर्ज भरणे धोक्याचे आहे. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या जाहिरातींत पदवीच्या टक्क्यांबद्दल हे स्पष्ट लिहिलेले असते: अपूर्णांक धरला जाणार नाही, ५९.९९ टक्के म्हणजे ६०पेक्षा कमीच. अशी कडक अट कागदपत्रांच्या पडताळणीच्या दिवशी समोर आली, तर तोवरची परीक्षा, मुलाखत सगळे वाया जाते. म्हणून अशा वेळी आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो की अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी अट पुन्हा वाचा.

संकेतस्थळाने आपणहून काढलेले टक्के

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. काही अर्जांत ‘मिळालेले गुण’ आणि ‘एकूण गुण’ असे दोन रकाने असतात आणि टक्के संकेतस्थळ स्वतः काढते. तिथे ८.८ आणि १० भरले की पडद्यावर ८८ टक्के दिसतात. ते चूक आहेत, कारण तिथे ९.५चा गुणक लागलेलाच नाही, सरळ १०ने गुणले आहे. आधी आजूबाजूला ‘CGPA’ असा पर्याय आहे का ते पाहा. बहुतेक वेळा गुण की ग्रेड हे निवडण्याची छोटी यादी असते आणि ती ‘Marks’वरच राहिलेली असते. पर्यायच नसेल तर भरतीच्या मदत कक्षाला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ८३.६ टक्के यावेत म्हणून ५००पैकी ४१८ असे गुण लिहिण्याची सवय काही ठिकाणी आहे. आम्ही ग्राहकाच्या वतीने तसे लिहीत नाही, कारण ४१८ हा आकडा त्याच्या कोणत्याही कागदावर नाही. मदत कक्षाने तसे लिहायला लेखी सांगितले तर गोष्ट वेगळी.

हा आकडा किती खरा?

वरच्या उदाहरणात ग्रेड तेच ठेवून प्रत्येक विषयात त्या गटातले सर्वात कमी गुण धरले, तर बेरीज ३९५ येते, म्हणजे ७९ टक्के. सर्वात जास्त धरले तर ४४०, म्हणजे ८८ टक्के. ८३.६ हा आकडा या नऊ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेतरी बसतो. शिवाय त्या काळात सहशालेय उपक्रमांतल्या कामगिरीमुळे काही विषयांची ग्रेड एक पायरी वर नेली जात असे, तेव्हा मूळ गुण त्याहूनही खाली असू शकतात. म्हणून ८३.६ आणि ८५.५ अशा दोघांमध्ये कोणाचे गुण खरोखर जास्त होते ते यावरून सांगता येत नाही. अर्जात तरीही ८३.६च लिहायचे. तपासणाऱ्याकडे तुमचे गुणपत्रक असते, तो तोच गुणाकार करून पाहतो आणि आकडा जुळला की पुढे जातो. जिथे मोकळी जागा असेल तिथे पूर्ण लिहा: ‘सीजीपीए ८.८, मंडळाच्या ९.५ गुणकानुसार अंदाजे ८३.६ टक्के.’

पदवीला ९.५ लावू नका

हा गुणक सीबीएसई दहावीचा आहे. पदवीच्या सीजीपीएसाठी प्रत्येक विद्यापीठाचे सूत्र वेगळे असते, आणि एकाच विद्यापीठात अभ्यासक्रम बदलला की सूत्रही बदलू शकते. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीला अनेक वर्षे वापरलेले सूत्र असे आहे: सीजीपीआय, म्हणजे तिथला सीजीपीए, गुणिले ७.१, अधिक ११. सीजीपीआय ८ असेल तर या सूत्राने ६७.८ टक्के येतात. तिथे ९.५ लावले तर ७६ येतात. आठ टक्क्यांचा हा फरक पडताळणीत लपत नाही. पदवीच्या गुणपत्रकाच्या मागे सूत्र छापलेले नसेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयातून किंवा परीक्षा विभागातून तुमच्या बॅचसाठीचे रूपांतराचे पत्र, शिक्का-सहीसह घ्या. ते मिळायला काही दिवस लागतात, त्यामुळे अर्जाची शेवटची तारीख जवळ येण्याआधीच मागा. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात सीजीपीए जसा आहे तसाच मागितला असेल तर तो तसाच द्या, टक्के काढून देऊ नका.

आमच्याकडे अर्ज भरायला येताना दहावीचे मूळ गुणपत्रक आणा, मोबाइलमधला पुढच्या बाजूचा फोटो पुरत नाही. भरलेले टक्के, वापरलेला गुणक आणि अर्ज क्रमांक आम्ही तुमच्या पावतीवर लिहून देतो. पुढच्या अर्जात तोच आकडा वापरा.