शून्य कुठून धरायचं: वाशीमची मध्यरेखा, ग्रीनिच आणि मोबाईलमधला आकडा

पार्श्वभूमी

विहिरीचा अर्ज असो, शेततळ्याचा असो की पीक पाहणीचा फोटो, आता सगळीकडे दोन आकडे लागतात. वाशीम शहरात उभं राहिलं तर मोबाईल साधारण 20.11 आणि 77.13 असे आकडे दाखवतो. पहिला आकडा विषुववृत्तापासून उत्तरेला किती अंश ते सांगतो. तेवढ्यानं जागा सापडत नाही, कारण 20.11 अंशांवर पृथ्वीला वेढा घालणारं एक अख्खं वर्तुळ आहे. दुसरा आकडा ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाणारी एक अर्धवर्तुळाकार रेघ निवडतो. अख्खं वर्तुळ आणि अर्धी रेघ एकमेकांना एकाच ठिकाणी छेदतात, आणि ते ठिकाण म्हणजे वाशीम.

इथवर शाळेत झालेलंच आहे. शाळेत सहसा सुटून जातं ते असं की या दोन आकड्यांची शून्यं एका जातीची नाहीत. अक्षांशाचं शून्य पृथ्वीनंच दिलेलं आहे. ती ज्या आसाभोवती फिरते, त्याच्या बरोबर मध्यावर विषुववृत्त येतं, तिथं कुणाचा वाद चालत नाही. आपल्याकडे रात्री ध्रुवतारा शोधा, हात लांब करा आणि क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी धरा. तारा त्यांच्या वर टेकलेला दिसतो. एक मूठ साधारण दहा अंशांची असते, म्हणजे अक्षांश वीसच्या आसपास. रेखांशाला असा खुंटा आभाळात कुठंच नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे सगळ्या उभ्या रेघा सारख्याच, त्यामुळे शून्य कुठून धरायचं हे माणसांना ठरवावं लागलं, आणि ते एकदा नाही, अनेकदा ठरलं.

त्यातलं एक शून्य विदर्भातून जात होतं. पंचांगाचं गणित शिकवणाऱ्या जुन्या करणग्रंथांत भूमीची ‘मध्यरेखा’ सांगताना लंकेपासून मेरूपर्यंतची ठिकाणं ओळीनं दिली आहेत, आणि त्यांत उज्जैन, कुरुक्षेत्र यांच्यासोबत वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येतं. शहरातल्या मध्यमेश्वराच्या देवळाचं नाव याच रेषेशी जोडतात. या रेषेच्या पूर्वेच्या गावाला पंचांगाच्या गणितात एक दुरुस्ती, पश्चिमेच्या गावाला उलटी. तिला देशांतर संस्कार म्हणत. ‘शून्य रेखांश मुळात वाशीमचाच’ हे वाक्य आज गावोगाव ऐकू येतं त्याचं मूळ इथं आहे. ते खोटं नाही, पण जरा उकलून घ्यायला हवं.

आजच्या मापानं उज्जैन 75.77 अंशांवर आहे, वाशीम 77.13वर, कुरुक्षेत्र 76.88च्या आसपास. तिन्ही एका रेघेवर नाहीत. उज्जैन आणि वाशीम यांच्यात जवळजवळ 1.36 अंशांचा फरक आहे, म्हणजे आपल्या पट्ट्यात सुमारे 140 किलोमीटर. मग जुन्या गणितींची एवढी चूक कशी झाली? रेखांश हे मुळात वेळेचं माप आहे, हे लक्षात घेतलं की उत्तर मिळतं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. उज्जैनपेक्षा वाशीमला मध्यान्ह साडेपाच मिनिटांहून किंचित कमी वेळ आधी होते. घटिकेच्या भाषेत हे साडेतेरा पळं. ही साडेतेरा पळं पकडायची तर एकच घटना दोन्ही गावांतून एकाच क्षणी दिसायला हवी, आणि तशी घटना म्हणजे चंद्रग्रहण. पण पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते. ग्रहण लागलं कधी, यात दोन नजरांचा दोन-तीन मिनिटांचा फरक सहज पडतो, वर रात्रभर चाललेल्या घटिकापात्राची चूक वेगळी. त्या साधनांना वाशीम आणि उज्जैन एकाच रेषेवर दिसले यात नवल नाही. म्हणून मध्यरेखा ही आजच्यासारखी दोरीसारखी बारीक रेघ न मानता शे-दीडशे किलोमीटर रुंदीचा पट्टा मानावी. तसं मानलं की वाशीमचा दावाही टिकतो आणि नकाशाही टिकतो.

हे गणित अंगणात करून बघता येतं, आणि त्यासाठी 25 डिसेंबर हा दिवस फार सोयीचा. त्या दिवशी सूर्य आणि घड्याळ यांच्यातला वर्षभर कमीजास्त होणारा फरक जवळजवळ शून्य असतो. सपाट, पाणसळ लावून समतल केलेल्या जागी बरोबर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानं सरळ रोवा. काठीच्या टोकाची सावली दोन सेंटीमीटरपर्यंत फिकट पसरते, म्हणून टोकावर बारीक भोकाचा पत्र्याचा तुकडा बसवा आणि भोकाची उंची एक मीटर धरा. भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य नीट धरता येतो. सावली सर्वांत आखूड कधी झाली ते बघत बसू नका. मध्यान्हीच्या आसपास ती कित्येक मिनिटं हलल्यासारखी वाटतच नाही. त्याऐवजी सकाळी एखाद्या वेळी ठिपक्यावर खूण करा, काठीच्या बुडापासून तेवढ्या अंतराचा वर्तुळखंड दोरीनं आखा आणि दुपारी ठिपका पुन्हा त्या वर्तुळावर कधी येतो ते टिपा.

समजा सकाळची वेळ 10:50:00 आणि दुपारची 1:53:00 आली. दोन्हींचा मध्य 12:21:30, ही तुमची खरी मध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंशांच्या रेघेची आहे आणि तिथं त्या दिवशी मध्यान्ह बाराला होते. तुम्ही साडेएकवीस मिनिटं मागे, भागिले चार म्हणजे 5.375 अंश पश्चिमेला. 82.5 मधून वजा केले की 77.125, म्हणजे वाशीम. त्याच मध्यान्हीला ठिपका बुडापासून सुमारे 95 सेंटीमीटरवर असेल. एक मीटरला 95 सेंटीमीटर म्हणजे सूर्य डोक्यापासून 43.5 अंश कललेला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला 23.4 अंशांवर असतो, ते वजा केले की 20.1 हा अक्षांश हाती येतो.

चूक कुठं होते तेही यातच कळतं. घड्याळ एक मिनिट पुढे असेल तर गाव 26 किलोमीटर सरकतं. सावली मोजताना एक सेंटीमीटर चुकला तर अक्षांशात 33 किलोमीटरांचा फरक पडतो. एक तपासणी हमखास करावी: ओळंबा पुन्हा लावून बघावा. काठी उत्तरेला किंवा दक्षिणेला अर्धा अंश जरी कलली, तरी अक्षांश साधारण पाव अंशानं चुकतो आणि बाकी सगळं बरोबर दिसत राहतं.

तारेचे संदेश आणि अचूक घड्याळं आली तशी मध्यान्हीतली मिनिटं सेकंदांवर आली आणि शून्याचा प्रश्न गणिताचा न राहता सत्तेचा झाला. 1884 च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला 25 देश बसले आणि लंडनजवळच्या ग्रीनिचच्या वेधशाळेतली रेघ शून्य ठरली. बाजूनं 22 मतं पडली, विरोधात एक, दोन देश तटस्थ राहिले. त्यांतल्या फ्रान्सनं 1911 पर्यंत आपली पॅरिसची रेघ सोडली नाही. कारण व्यवहाराचं होतं: जगातली सुमारे 72 टक्के जहाजी मालवाहतूक ग्रीनिचवरून आखलेले नकाशे वापरत होती. मत देणाऱ्या देशांत हिंदुस्थान नव्हता, उज्जैन-वाशीमचं नाव निघण्याचा प्रश्नच नव्हता. मग 1906 मध्ये 82.5 अंशांची वेळ आपल्याला लागू झाली. नागपूरला खरी मध्यान्ह सरासरीनं बाराऐवजी सव्वाबाराच्या सुमाराला येते ती त्यामुळेच.

पण आज वावरात अडचण करतं ते शून्य वेगळंच आहे आणि त्याचा इतिहास पुन्हा विदर्भातून जातो. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी सुरू झाली. तिचा मुख्य कणा कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत साधारण 78 अंशांच्या रेघेनं वर सरकत होता. मोजणीचा पहिला प्रमुख 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. ती मोजणी करणाऱ्यांना एक अडचण होती: पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे दबलेली आहे, आणि किती दबलेली हे ठाऊक असल्याशिवाय जमिनीवरचे मीटर अंशांत उतरवता येत नाहीत. म्हणून 1830 मध्ये मोजणीवरूनच पृथ्वीचा एक कल्पित गुळगुळीत आकार काढला गेला. तो आपल्या देशाला नीट बसावा म्हणून मध्य भारतातल्या कल्याणपूरच्या बिंदूशी टेकवला. पुढची शंभर-दीडशे वर्षं आपले सगळे सरकारी स्थलदर्शक नकाशे या आकारावर आखले गेले.

मोबाईल दुसरा आकार धरतो. WGS-84 नावाचा हा आकार एका देशाला बसवलेला नाही, तो पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याशी टेकलेला आहे. दोन आकारांची केंद्रं वेगळी असल्यानं एकाच विहिरीला दोन अक्षांश-रेखांश मिळतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. विदर्भात हा फरक दीडशे मीटरांच्या आसपास भरतो. दोन एकराच्या चौकोनी वावराची बाजू नव्वद मीटरांची. म्हणजे जुन्या नकाशावर मोबाईलचे आकडे टाकले तर विहीर आपला धुरा ओलांडून शेजाऱ्याच्याही पलीकडे जाते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात सर्वांसाठी खुली नकाशांची मालिका WGS-84वर काढायचं ठरलं. पण तालुक्याच्या कपाटांत जुने कागद आहेत आणि ते स्कॅन करून वापरलेही जातात.

ही चूक ओळखायला सोपी आहे. देऊळ, चौफुली, जुना पूल अशा नकाशावर दिसणाऱ्या तीन-चार जागांवर जाऊन मोबाईलचे आकडे टिपा आणि नकाशावर टाका. सगळे बिंदू एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं सरकलेले दिसले तर आकार वेगळा आहे, नकाशाच्या कडेची टीप वाचा. प्रत्येक बिंदू वेगळ्या दिशेला पळाला तर दोष झाडांखाली किंवा भिंतीलगत उभं राहून घेतलेल्या मोजणीचा.

खुद्द ग्रीनिचमध्येही असाच फरक आहे. वेधशाळेतल्या पितळी पट्टीवर उभं राहिलं तर मोबाईल शून्य दाखवत नाही. त्याचं शून्य 102 मीटर पूर्वेला, बागेत आहे. जुनी रेघ ओळंब्याच्या आधारानं आखलेली होती, आणि तिथला ओळंबा जमिनीखालच्या कमीजास्त वस्तुमानामुळे पृथ्वीच्या मध्याकडे नेमका बघत नाही. अंगणातल्या काठीचा ओळंबाही याला अपवाद नाही, फक्त त्या चुकीपेक्षा आपली सावलीची चूक कितीतरी मोठी असते.

अर्ज भरताना मात्र चुका याहून साध्या असतात. 20 अंश 06 मिनिटं 40 सेकंद हे 20.0640 असं लिहिलं जातं. खरं ते 20.1111 आहे, कारण मिनिटांना 60नं आणि सेकंदांना 3600नं भागायचं असतं. या एका चुकीनं शेततळं पाच किलोमीटर दक्षिणेला जातं. आणि दोन आकड्यांची अदलाबदल झाली, 77 अक्षांशाच्या रकान्यात आणि 20 रेखांशाच्या, तर वाशीमची विहीर नॉर्वेच्याही उत्तरेला, बर्फाळ समुद्रात निघते.