रेझ्युमे जोडावा की लिंक द्यावी: ईमेलने अर्ज करताना आकारमर्यादेचा खरा हिशेब

ईमेलने मागवलेल्या अर्जांत सूचनेत वेगळे काही लिहिलेले नसेल, तर रेझ्युमे पीडीएफ स्वरूपात ईमेललाच जोडावा आणि लिंक केवळ सोबतच्या मोठ्या साहित्यासाठी ठेवावी. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही अर्ज परत येतात, कारण ‘5 एमबीपर्यंत’ या शब्दांचा अर्थ अर्जदार एक लावतो आणि सर्व्हर दुसरा.

ईमेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. ती अक्षरांच्या रूपात बदलून पाठवली जाते, या पद्धतीला बेस-64 म्हणतात. त्यात मूळच्या प्रत्येक तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो आणि ओळी तोडण्याच्या चिन्हांमुळे त्यात आणखी थोडी भर पडते. मर्यादा सर्व्हरवर लावलेली असेल, तर ती या फुगलेल्या संपूर्ण ईमेलला लागू होते, तुमच्या संगणकावर दिसणाऱ्या फाइलला नव्हे. सूचनेत हे कोणीच लिहीत नाही, आणि त्याचा भुर्दंड अर्जदाराने भरायचा, हे मला पटत नाही.

माझ्या परिचयातील एका अर्जदार मुलीचे असेच झाले. मर्यादा 5 एमबी होती. तिचा रेझ्युमे 200 केबीचा आणि मोबाइलवर रंगीत स्कॅन केलेली चार प्रमाणपत्रे मिळून 4.1 एमबी, म्हणजे एकूण 4.3. मर्यादेच्या आत आहोत या समजुतीने तिने शेवटच्या दिवशी दुपारी अर्ज पाठवला, ‘Sent’ मध्ये तो दिसला आणि ती निश्चिंत झाली. प्रत्यक्षात त्या ईमेलचा आकार जवळजवळ 5.9 एमबी झाला होता. काही मिनिटांतच ‘Mail Delivery Subsystem’ कडून इंग्रजीत उत्तर आले होते, पण ते तिने रात्री उघडले. त्यातली कामाची ओळ अशी होती:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed maximum message size
```

ही ओळ दिसली, तर अर्ज पोहोचलेला नाही, हे निश्चित समजावे. ‘Sent’ मधली नोंद केवळ तुमच्याकडून ईमेल निघाल्याचे सांगते. म्हणून पाठवल्यानंतर निदान अर्धा तास इनबॉक्स आणि स्पॅम दोन्हीकडे लक्ष ठेवावे आणि चूक सुधारण्याइतका वेळ हाती राहील अशा बेताने, शक्यतो आदल्या दिवशी, अर्ज पाठवावा.

साधा हिशेब असा की, दिलेल्या मर्यादेला 0.7 ने गुणावे. 5 एमबी असेल तर सर्व फाइलींची बेरीज 3.5 एमबीच्या आत ठेवावी. खात्री हवी असल्यास तोच ईमेल आधी स्वतःलाच पाठवावा. जीमेलमध्ये संगणकावर तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘Download message’ निवडल्यावर .eml फाइल उतरते, तिचा आकार सर्व्हरला दिसणाऱ्या आकाराच्या अगदी जवळचा असतो.

आकार कमी करताना रेझ्युमेला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही, अट एवढीच की तो छापून पुन्हा स्कॅन केलेला नसावा, थेट वर्डमधून पीडीएफ केलेला असावा. भार प्रमाणपत्रांचा असतो. ती 150 डीपीआयवर, रंगीतऐवजी करड्या छटेत पुन्हा स्कॅन करावीत आणि पाठवण्यापूर्वी शिक्का व क्रमांक वाचता येतो का, ते मोठे करून पाहावे. वर सांगितलेली चार प्रमाणपत्रे अशी केल्यावर दीड एमबीच्याही आत बसली. झिप करून मात्र फारसे काही साधत नाही, कारण स्कॅन आधीच संकुचित असतो आणि काही ठिकाणी झिप फाइल अडवलीही जाते.

आता लिंकविषयी. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइली 25 एमबीच्या पुढे गेल्या की त्यांची आपोआप ड्राइव्हची लिंक होते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ड्राइव्हवरची फाइल मुळात ‘Restricted’ असते. ती तशीच राहिली, तर उघडणाऱ्याला परवानगी मागावी लागते, आणि शेकडो अर्ज पाहणारी व्यक्ती तुमच्या परवानगीची वाट पाहत बसत नाही. त्यामुळे ‘Anyone with the link’ आणि ‘Viewer’ हे पर्याय निवडून, ती लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावी. लॉगिन मागितले गेले, तर समोरच्यालाही तेच दिसणार आहे. लिंक महाविद्यालयाच्या किंवा नोकरीच्या खात्यावरून देऊ नये. अशा खात्यांवर बाहेरच्यांना फाइल दाखवण्यास अनेकदा बंदी असते, आणि खाते बंद झाले की लिंकही मरते. लिंक दिल्यानंतर फाइलमध्ये दुरुस्ती करायची असेल, तर जुनी काढून नवी चढवू नये, कारण लिंक बदलते. ड्राइव्हमधील ‘Manage versions’ वापरून त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवावी, म्हणजे लिंक तीच राहते.