‘नको’ म्हटलं की एआय थांबतो?

“एआयला काय करायचं नाही ते ठणकावून सांगा, मग तो ते करणारच नाही.”

दर वेळी असं होत नाही. उत्तरातला पुढचा शब्द ठरवताना एआय मॉडेल सूचनेतले सगळेच शब्द जमेस धरतं. सोसायटीच्या नोटिशीसाठी ‘बुलेट नकोत’, म्हणजे ठिपक्यांची यादी नको, असं लिहिलं, तरी ‘बुलेट’ समोर राहतंच, आणि त्याऐवजी काय हवं ते कळत नाही. मग ठिपके जाऊन 1, 2, 3 येऊ शकतात. त्यापेक्षा लिहा: ‘पाणी बंद राहण्याची तारीख-वेळ पहिल्या वाक्यात दे, एकच परिच्छेद, सलग वाक्यं, साधारण 50 शब्द.’

पडताळायचं तर दोन्ही सूचना दर वेळी नव्या चॅटमध्ये दहा-दहा वेळा चालवा आणि यादी कितीदा आली ते मोजा. नव्या मॉडेलांत फरक कमी दिसू शकतो. ‘फोन नंबर देऊ नको’ ही मनाई मात्र ठेवाच. जोडीला ‘त्या जागी “कार्यालयात विचारा” लिही’ एवढं सांगा.