घरगुती हायबॉल : जिन, व्होडका आणि व्हाइट रम

उंच ग्लासात भरपूर बर्फ, त्यावर एक मद्य आणि मद्याच्या तिपटीएवढे फसफसणारे पेय, या पेयप्रकाराला हायबॉल म्हणतात. यात मद्याचा वाटा जेमतेम चौथाई असल्याने जिन, व्होडका आणि व्हाइट रम या तिन्ही पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटल्या एकमेकींच्या जागी चालून जातील असा समज असतो. प्रत्यक्षात तिघींच्या गरजा वेगळ्या आहेत. जिनला कडवट साथ लागते, व्हाइट रमला आंबट. व्होडकाची स्वतःची अशी मागणी नसते, म्हणूनच सोबतचे पेय आणि बर्फ चांगले नसले तर ते तिच्यात सर्वांत आधी कळते.

हा फरक मद्य बनवण्याच्या पद्धतीतून येतो. व्होडकासाठी धान्य, बटाटा किंवा उसाची मळी आंबवून तिचे जवळजवळ ९६ टक्के अल्कोहोल होईपर्यंत ऊर्ध्वपातन करतात. कच्च्या मालाचा वास या टप्प्यात बहुतेक निघून जातो. मग पाणी घालून तीव्रता खाली आणतात. जिनचा पाया असाच बिनवासाचा असतो, पण त्यात जुनिपरची फळे, धणे, लिंबूवर्गीय साली आणि इतर मुळ्या-बियांची सुगंधी तेले उतरवलेली असतात. व्हाइट रम मळीपासून किंवा उसाच्या रसापासून होते. आंबवताना तयार झालेला फळांसारखा गंध तिच्यात मुद्दाम राखतात. थोडा काळ पिंपात मुरवली असेल, तर आलेला रंग कोळशातून गाळून काढतात. रम गोड वाटते ती बहुधा या गंधामुळे. साध्या व्हाइट रममध्ये साखर नसते किंवा नगण्य असते.

भारतातल्या स्वस्त बाटल्यांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. इथे व्होडका, जिन आणि रम तिघींचा पाया अनेकदा मळीपासून काढलेले तेच बिनवासाचे अल्कोहोल असतो आणि जिन-रमचा स्वाद त्यात नंतर मिसळलेला असतो. आपल्या हातातली बाटली कितपत बोलकी आहे हे ओळखायचे असेल, तर वाटीत १५ मिली मद्य आणि तेवढेच साधे पाणी, बर्फ न घालता, एकत्र करून हुंगावे. पाण्यामुळे अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि खालचा गंध मोकळा होतो. जिनला राळेसारखा आणि धण्यांचा वास यायला हवा, रमला पिकल्या केळ्याचा किंवा ताज्या काकवीचा. रमला यातले काहीच येत नसेल, तर हायबॉलमध्ये ती व्होडकाच समजावी आणि तशीच वापरावी.

प्रमाणाचा हिशेब तिघींना सारखाच लागू पडतो. महाराष्ट्रात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर तीव्रता ४२.८ टक्के छापलेली असते. ४५ मिली म्हणजे दीड लहान पेग मद्यात सुमारे १९ मिली शुद्ध अल्कोहोल येते. त्यावर १३५ मिली सोडा घातला की १८० मिली पेयाची तीव्रता साधारण पावणेअकरा टक्के होते. पिता पिता २५ मिली बर्फ वितळला तर ती साडेनऊच्या आसपास उतरते. हायबॉल सौम्य लागते, पण ती पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या जवळपास दुप्पट तीव्र असते. अंदाजाने ओतणाऱ्याचा हात ६० मिलीवर सहज जातो, म्हणून औषधाचे मापाचे झाकण तरी वापरावे. (राज्यात या मद्यांसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि उत्पादन शुल्क विभागाचा परवानाही लागतो.)

ठाणे किंवा नवी मुंबईतल्या घरात हायबॉल बिघडते ती बहुतेक वेळा मद्यामुळे नव्हे, तर कोमट सोड्यामुळे. मे महिन्यात वाण्याच्या फळीवरून आणलेली बाटली ३० अंशांच्या वर असते. तेवढ्या तापमानाला पाण्यात मावणारा कार्बन डायऑक्साइड फ्रिजमधल्या सोड्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. झाकण उघडताच वायू उडतो, उरलेला बर्फावर पडल्यावर जातो आणि ग्लासात पातळ, सपक पाणी राहते. सोडा किमान चार तास फ्रिजच्या मागच्या भागात ठेवावा. ग्लास काठोकाठ बर्फाने भरावा, आधी मद्य ओतून दहा सेकंद ढवळावे, मग ग्लास तिरका धरून सोडा कडेने सोडावा. शेवटी चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा. पुन्हा पुन्हा ढवळले की बुडबुडे मोडतात. चाट मसाला किंवा मीठ वरून भुरभुरल्यावर ग्लास फसफसून वाहतो तेही वायू निसटण्याचेच लक्षण आहे. खारट चव हवी असेल तर मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवावे. बर्फाचा ट्रे झाकलेला नसेल तर बर्फाला फ्रीजरमधल्या मासळीचा वास लागतो. जिन तो थोडाफार झाकते, व्होडका अजिबात झाकत नाही.

आता तिघींची साथ. जिनसोबत टॉनिक वॉटर चालते ते त्यातल्या क्विनाइनच्या कडवटपणामुळे. जुनिपरचा राळेसारखा वास त्याने उठून दिसतो. टॉनिक आधीच गोड आणि आंबट असते, त्यामुळे त्यात अर्धे लिंबू पिळणे ही नेहमीची चूक आहे. जिनचे सुगंध आंबटात बुडतात आणि लिंबू सरबताला दारूचा वास आल्यासारखे होते. कागदी लिंबाच्या सालीची बोटभर पट्टी, पांढरा भाग शक्य तितका खरवडून, ग्लासवर मुडपावी आणि आत टाकावी, तेवढे पुरते. टॉनिक फार गोड वाटले तर अर्धे टॉनिक, अर्धा सोडा घ्यावा.

व्हाइट रमला नुसत्या सोड्यात घातले तर तिचा गोडसर गंध बिनआधाराचा लोंबकळतो आणि दुसऱ्या घोटापासून कंटाळा येतो. इथे लिंबाचा रस हवाच. ४५ मिली रमला दोन छोटे चमचे म्हणजे १० मिली रस, तेवढाच साखरेचा पाक आणि १२० मिली सोडा. पाक समभाग साखर-पाण्याचा करावा, कारण कोरडी साखर थंड पेयात तळाशी बसते आणि शेवटचे चार घोट गोडमिट्ट होतात. कोलासोबत रम घेतानाही लिंबू वगळू नये. व्होडकाचा तिखटपणा खटकत असेल तर बाटली फ्रीजरमध्ये ठेवावी. एवढ्या तीव्रतेला ती घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, फक्त दाट होते. बर्फही कमी वितळतो.

व्होडकाचा खरा उपयोग दुसऱ्या स्वादाला वाट करून देण्यात आहे आणि कोकम त्यासाठी उत्तम. आगळ घेतले तर एक छोटा चमचाच घ्यावा, कारण त्यात मीठ भरपूर असते, आणि पाक दोन चमचे. बाटलीतले गोड कोकम सरबत वापरायचे तर १५ मिली पुरे, पाक नको. हेच मिश्रण जिनमध्ये केले तर जुनिपर आणि कोकम एकमेकांच्या पायात येतात. रममध्ये ते चांगले लागते, मात्र पाक निम्मा करावा.