सगळी मेमरी वाचून झाली, तरी तार तुटलेलीच

मेमरी तपासायची म्हणजे प्रत्येक कप्प्यात `0x55` लिहायचं, वाचायचं, मग `0xAA` लिहून पुन्हा वाचायचं; सगळं जुळलं की मेमरी ठीक, असा समज फार पसरलेला आहे. ६२२५६ सारख्या ३२ किलोबाइटच्या रॅमवर हे करून बघा. पत्त्याच्या १५ तारांपैकी ए३ ही तार डागकामात ग्राउंडला चिकटली असेल, तर चिपला ती कायम शून्यच दिसते. तुम्ही ८ व्या कप्प्यात लिहिता, ते जातं ० व्या कप्प्यात. वाचतानाही तोच कप्पा उघडतो, म्हणून उत्तर जुळतं. सगळे ३२,७६८ पत्ते पास होतात, आणि त्यांच्यामागे खरे कप्पे असतात फक्त १६,३८४.

सुरुवातीच्या चाचणीने आधी तारा तपासाव्यात. त्यातही डेटाच्या तारा पहिल्या, कारण पत्त्याच्या तारांचा निकाल त्यांच्यावरूनच वाचायचा असतो.

डेटासाठी एकच पत्ता पुरतो. त्यावर `0x01`, `0x02`, `0x04` असं करत `0x80` पर्यंत आठ संख्या लिहायच्या आणि प्रत्येक परत वाचायची. दर वेळी एकाच तारेवर १ असतो आणि तो एकेक घर पुढे सरकतो. `0x55` ने हे का साधत नाही? डी० आणि डी२ एकमेकींना चिकटल्या आहेत असं धरा. `0x55` मध्ये दोन्हींवर १ आहे, `0xAA` मध्ये दोन्हींवर ०. दोघी एकच बोलत असतील तर भांडण दिसणार कसं? `0x01` लिहिलं की मात्र एकीवर १ आणि दुसरीवर ० येतो, आणि परत `0x05` तरी मिळतं किंवा `0x00` तरी. चालत्या एकाने तारांची कोणतीही जोडी निदान एकदा वेगळी पडते.

इथे एक फसवणूक ठरलेली असते. रॅमची चिप सॉकेटमध्ये नसली तरी ही चाचणी पास होऊ शकते! तारांना थोडी धारकता असते. शेवटी लिहिलेला विद्युतभार लगेच ओसरत नाही आणि तोच परत वाचला जातो. डेटाची एखादी तार तुटली असेल तरी असंच होतं. उपाय साधा आहे. लिहिणं आणि वाचणं यांच्यामध्ये त्याच बसवरच्या रॉममधला, `0x00` साठवलेला एक बाइट वाचायचा. सगळ्या तारा शून्यावर येतात, आणि मग १ परत आला तर तो रॅमनेच दिलेला असतो.

आता पत्ते. ०, १, २, ४, ८ असे १६,३८४ पर्यंतचे सोळा पत्ते घ्यायचे; शून्य सोडला तर प्रत्येकात एकच तार वर असते. प्रत्येक पत्त्यावर वेगळी संख्या लिहायची, आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करायची. लिहिलं की लगेच वाचलं, तर वरचीच चूक पुन्हा होते.

```c
volatile uint8_t *m = (volatile uint8_t *)0x8000;
m[0] = 0;
for (n = 1; n <= 15; n++)
    m[1u << (n - 1)] = n;
```

ए३ ग्राउंडला चिकटली असेल तर ८ व्या पत्त्यावर लिहिलेला ४ जाऊन बसतो ० व्या कप्प्यात. वाचताना तिथे ० ऐवजी ४ मिळतो: चौथी तार, म्हणजे ए३. ती कायम १ वर अडकली असली तरी लक्षण हेच. दोन्हींतलं कोणतं, ते मीटर सांगेल. ए३ आणि ए४ एकमेकींना चिकटल्या असतील आणि शून्य वरचढ ठरत असेल, तर ० आणि ८ या दोन्ही पत्त्यांवर ५ सापडतो. सोळा वेळा लिहिणं आणि सोळा वेळा वाचणं, एवढ्यात दोष कुठे आहे ते कळतं.

`volatile` विसरलात तर कंपायलर ‘आत्ताच तर लिहिलं, वाचायचं कशाला’ म्हणून वाचणंच गाळू शकतो. कॅशे असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर रॅमपर्यंत काही पोहोचतच नाही. `n` हा चल रजिस्टरमध्येच ठेवा आणि चाचणीतून फंक्शन बोलावू नका, कारण स्टॅक त्याच रॅममध्ये असेल तर परतीचा पत्ता पुसला जाईल.

ए३ आणि ए४ ची नुसती अदलाबदल झाली असेल तर ही चाचणी गप्प राहते, आणि ते योग्यच आहे. स्टॅटिक रॅमला त्याने काही बिघडत नाही. लिहिताना आणि वाचताना अदलाबदल सारखीच होते. बोर्ड आखणारे सोयीसाठी मुद्दामही तसं करतात. रॉमच्या बाबतीत मात्र हे चालत नाही, तिथली माहिती बाहेरून भरून आलेली असते. आणि एखादा कप्पाच आतून खराब असेल, तर तो शोधायला प्रत्येक कप्प्यातून जाणारी वेगळी चाचणी लागते. ती या दोन्हींनंतर चालवायची.