कॉलची भिंत नक्की कोणी बांधली?

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका पोराने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलवरून आलेला, शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाच्या ऑप्शन चेनचा फोटो होता, 25,200 च्या रांगेला लाल पेनाने गोल केलेला. ‘‘काका, बघा, कॉलवाल्यांची केवढी भिंत आहे! एवढी माणसं कॉल घेऊन बसलीत म्हणजे बाजार वर जाणारच ना?’’ शेजारी उभा असलेला त्याचा मित्र लगेच म्हणाला, ‘‘येडा आहेस का? भिंत आहे म्हणजे वर जाणार नाही. पीसीआर बघ, पॉइंट सिक्स सेव्हन.’’ आकडे तेच, पण निष्कर्ष दोन आणि तेही एकमेकांच्या उलट. ठाण्याला गर्दी चढली आणि वाद तिथेच राहिला. मला मात्र दिवसभर तो फोटो डोळ्यांसमोरून हलेना, कारण भिंत कोणी बांधली हे त्या फोटोत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलेलं असूच शकत नाही.

ऑप्शन म्हणजे काय, ते चटकन सांगून टाकतो. ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीला विकत घेण्याचा हक्क म्हणजे कॉल आणि विकण्याचा हक्क म्हणजे पुट. हक्क घेणारा त्यासाठी प्रीमियम मोजतो. हक्क देणारा, म्हणजे ऑप्शन ‘राइट’ करणारा, प्रीमियम खिशात टाकतो आणि जबाबदारी डोक्यावर घेतो. हे सगळं कालपरवा अमेरिकेतून आलं, अशी पुष्कळांची समजूत असते. 1956 च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनची व्याख्या काढून बघा. तिथे पुट आणि कॉलच्या बरोबरीने ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजी-मंदी’ आणि ‘गल्ली’ हे शब्दही आहेत. मुंबईच्या बाजारात हा खेळ जुनाच. त्याच कायद्याने त्यावर बंदी घातली होती आणि ती 1995 मध्ये उठली. निफ्टीचे ऑप्शन एनएसईवर जून 2001 मध्ये सुरू झाले.

ऑप्शन चेन म्हणजे एका मुदतीच्या या सगळ्या हक्कांचा तक्ता. मधल्या उभ्या रांगेत STRIKE, म्हणजे ठरलेला भाव. डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. दोन्ही बाजूंना LTP म्हणजे शेवटच्या सौद्याचा प्रीमियम, VOLUME म्हणजे आज झालेले सौदे, आणि सगळ्यात कडेला OI, म्हणजे ओपन इंटरेस्ट. सगळी गंमत या ओपन इंटरेस्टमध्ये आहे आणि सगळा घोळही तिथेच होतो.

ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून न मिटलेले सौदे. वाण्याच्या वहीत महिनाभरात किती वेळा नोंद झाली हा एक आकडा आणि आज रात्री किती उधारी उभी आहे हा दुसरा. पहिला व्हॉल्यूम, दुसरा ओपन इंटरेस्ट. एक उदाहरण घेऊ. यातले आणि पुढचेही आकडे समजण्यापुरते आहेत.

सकाळी मी 25,200 चे दहा कॉल राइट केले आणि तुम्ही ते घेतले. माझी जबाबदारी नवी, तुमचा हक्कही नवा. व्हॉल्यूम 10, ओपन इंटरेस्टही 10. लक्षात घ्या, 20 नाही. घेणारा आणि देणारा मिळून एक सौदा. अकरा वाजता तुम्हाला कंटाळा आला आणि तुम्ही दहाही कॉल तिसऱ्याला विकून मोकळे झालात. व्हॉल्यूम 20 झाला, पण ओपन इंटरेस्ट 10 च राहिला, कारण उधारी तीच, फक्त घेणेकरी बदलला. दुपारी त्या तिसऱ्याने चार कॉल विकले आणि नेमके तेच मी परत घेऊन माझा तेवढा सौदा कापला. आता दोघेही चार-चारने मोकळे. व्हॉल्यूम 24, ओपन इंटरेस्ट 6. सौदे वाढत असताना ओपन इंटरेस्ट घसरला. CHNG IN OI या रांगेत कालच्या मानाने झालेली हीच घटबढ दिसते.

आता त्या पोराच्या भिंतीकडे या. 25,200 च्या कॉलवर ओपन इंटरेस्ट 1,20,000 काँट्रॅक्ट आहे समजा. म्हणजे तेवढ्या काँट्रॅक्टचे घेणारे आहेत आणि तेवढ्याच काँट्रॅक्टचे देणारे. ‘एवढी माणसं कॉल घेऊन बसलीत’ हे खरं, पण तितकेच कॉल कोणीतरी देऊनही बसलंय. ओपन इंटरेस्टला दिशा नसते. (आणखी एक फसगत: एनएसईच्या संकेतस्थळावर हा आकडा काँट्रॅक्टमध्ये असतो, तर अनेक अ‍ॅप तो लॉटने, म्हणजे एका काँट्रॅक्टमधल्या नगांच्या संख्येने, गुणून दाखवतात. निफ्टीचा लॉट 65 चा धरला तर एकीकडे 1,20,000 दिसतील आणि दुसरीकडे 78 लाख. ‘रातोरात 65 पट वाढ’ असं ओरडणारे फॉरवर्ड मी स्वतः वाचलेत.)

मग मित्राने ‘भिंत’ कशावरून म्हटलं? त्यामागे एक संकेत आहे. एक लॉट कॉल घ्यायला 62 रुपये प्रीमियमने 4,030 रुपये लागतात. तोच लॉट राइट करायला लाख-दीड लाखाच्या वर मार्जिन, म्हणजे अनामत, अडकतं आणि तोट्याला वर छप्पर नसतं. एवढी जोखीम घेणारा जाणता असणार, असं धरून बाजारवाले तक्ता देणाऱ्याच्या नजरेने वाचतात. ज्या स्ट्राइकवर कॉलचा ढीग तिथे अडसर, जिथे पुटचा ढीग तिथे आधार. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आणि भिंत उभी असते तोवरच भिंत असते. निफ्टी 25,200 च्या जवळ आला की याच राइट करणाऱ्यांना घाम फुटतो आणि सौदा कापायला ते कॉल परत घेऊ लागतात. त्या वेळी प्रीमियम चढताना आणि CHNG IN OI उणे होताना दिसतो. भिंत ढासळते ती अशी, आणि कित्येकदा तिच्याच विटा वर फेकल्या जातात.

सौदा आधी कोणाला हवा होता, घेणाऱ्याला की देणाऱ्याला, याचा थोडाफार माग काढता येतो, आणि माझा जीव यातच जास्त रमतो. ओपन इंटरेस्ट वाढतोय आणि प्रीमियम पडतोय, म्हणजे देणारे उतावीळ, असं सर्रास सांगितलं जातं. पण प्रीमियम दुसऱ्या कारणांनीही पडतो. मुदत मंगळवारी संपतेय असं धरा. गुरुवारी संध्याकाळी निफ्टी 25,000 वर आहे आणि 25,200 चा कॉल 62 रुपयांना. शुक्रवारी संध्याकाळी निफ्टी तिथेच, 25,000 वर, पण कॉल 42 वर आला. वीस रुपये कुठे गेले?

इथे IV ची रांग कामाला येते. निर्देशांक वर्षाकाठी किती टक्के हेलकावे खाईल असं बाजाराला वाटतंय, ते हा आकडा सांगतो. गुरुवारी तो 12 होता. वर्षाचे 12 टक्के पाच दिवसांवर आणायचे तर पाच भागिले 365 याच्या वर्गमुळाने गुणायचं. उत्तर साधारण 1.4 टक्के, म्हणजे 350 अंश. शुक्रवारी चारच दिवस उरले. IV 12 च राहिला असता तर हेलकावा 314 अंशांवर येतो आणि ऑप्शनची किंमत काढायच्या नेहमीच्या सूत्राने कॉलची किंमत निघते सुमारे 50 रुपये. म्हणजे बारा रुपये नुसत्या दिवस सरण्याने वितळले, कोणी काही न करता. राहिलेले आठ रुपये गेले ते IV 12 वरून 11 वर उतरल्यामुळे. देणाऱ्यांच्या उतावळेपणाची खूण असलीच तर या आठ रुपयांत, वीसमध्ये नाही. ओपन इंटरेस्ट वाढला आणि IV पण उतरला, तर विकणाऱ्यांचा जोर होता असं म्हणायला थोडी जागा आहे. IV चढला असेल तर घेणारे धावले. आणि दोन दिवसांत निफ्टी शंभर अंश इकडेतिकडे झाला असेल तर हा हिशेब आणखी गढूळ होतो. वर्गमुळापाशी हात टेकले असतील तर एवढंच धरून ठेवा: पडलेला प्रीमियम एकट्याने काहीच सांगत नाही.

राहिला पीसीआर, म्हणजे पुट-कॉल रेशो. सगळ्या पुटांचा ओपन इंटरेस्ट भागिले सगळ्या कॉलचा. पुट 10 लाख आणि कॉल 15 लाख, तर 0.67. देणाऱ्याच्या नजरेने वाचलं तर कॉल जास्त राइट झालेत, वर जायला अडसर, म्हणून मंदी. दुसरी शाळा म्हणते, आकडा फारच खाली गेला म्हणजे सगळ्यांची मंदी करून झालीय, आता उसळणार. कुठल्या आकड्याला ‘फारच खाली’ म्हणायचं ते बहुधा मागाहून ठरतं. हा प्रकार मला पेपरातल्या राशिभविष्यासारखा वाटतो. धनलाभ झाला तर ग्रह बरोबर, नाही झाला तर वाचणाऱ्याने लग्नरास बघायला हवी होती.

मुळात हा रेशो बाजाराच्या मागून चालतो. सोमवारी सकाळी पुट 15 लाख, कॉल 15 लाख, पीसीआर 1. निफ्टी अडीचशे अंश उसळला, कॉल राइट करणारे घाबरून सौदे कापत सुटले आणि कॉलचा ओपन इंटरेस्ट 12 लाखांवर आला. पीसीआर झाला 1.25. एकही नवा पुट राइट झालेला नाही, फक्त छेद लहान झाला. संध्याकाळी चॅनेलवर संदेश येतो: ‘पीसीआर सुधारला, तेजी पक्की.’ तेजी होऊन गेल्यावर तिची सावली आली इतकंच.

शिवाय या बेरजेत सगळे पुट सारखेच मोजले जातात. निफ्टी 25,000 वर असताना 23,500 च्या पुटवर ढीग दिसला की काहींना भूकंपाची चाहूल लागते. पण 24,800 चा पुट राइट करणारा बऱ्याचदा खालचा दोन-तीन रुपयांचा पुट विकत घेतो, कारण त्याने तोट्याला तळ मिळतो आणि मार्जिन कमी भरावं लागतं. एकाच माणसाचा एकच डाव, पण पुटच्या खात्यात दोन नोंदी, आणि त्यातली खालची भीतीने घेतलेलीच नाही. तक्त्यात ही जोडी कुठेच बांधलेली दिसत नाही.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. ऑप्शन चेन फुकट आहे, ती यांनाही दिसत होतीच.

मंगळवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत तो पोरगा पुन्हा भेटला. निफ्टी 25,200 च्या अलीकडेच राहिला होता, त्यामुळे मित्राची छाती फुगलेली. मी पोराला पुन्हा चेन उघडायला सांगितली. तारखेच्या खिडकीत पुढचा मंगळवार आला होता. 25,200 समोर आता फक्त त्या आठवड्याचे सौदे होते, कॉल आणि पुट जवळजवळ सारखे. ‘‘भिंत गेली कुठे?’’ त्याने विचारलं. ती साडेतीनला मिटली होती, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची एकदमच.